पुरुषांच्या अंगावरची नक्षी कुठे गेली?

लग्नसराईच्या दिवसांत किनवटच्या बाजारपेठेतील कापडाच्या पेढीवर एक प्रसंग हमखास घडतो. नवरदेव जरीकाम केलेली गुलाबी शेरवानी आणि मोती जडवलेली मोजडी समोर घेऊन बसलेला असतो. शेजारी बसलेले आजोबा नाक मुरडतात आणि म्हणतात, ‘‘हे काय बायकांसारखं? पुरुषाच्या अंगावर साधं, पांढरं कापडच शोभतं. आपल्या घरात हीच रीत आहे.’’ नातू वडीलधाऱ्यांच्या मानापोटी गप्प राहतो आणि पेढीवरचा गुमास्ता दोन्ही कपडे समोर ठेवून वाट पाहतो.

आजोबांच्या बोलण्यात घरच्या रीतीचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. मात्र ही रीत वाटते तितकी जुनी नाही. आजोबांच्या आजोबांच्याही मागे चार-पाच पिढ्या गेलो, तर याच मराठवाड्यात नक्षीदार वस्त्राचे मोठे गिऱ्हाईक पुरुषच होते, असे दिसते.

संभाजीनगरचे हिमरू हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हा उत्तरेकडचे विणकर त्याच्याबरोबर आले आणि त्यांनी ही कला येथे रुजविली, असे परंपरा सांगते. हिमरूचा पाया सुताचा असतो आणि त्यावरची वेलबुट्टी रेशमाच्या जादा बाण्याने उठविलेली असते. जुन्या मागावर दोन माणसे लागत. एक विणकर खाली खड्ड्यात पाय सोडून बसे आणि दुसरा मागाच्या वर बसून नक्षीच्या दोऱ्या ठरल्या क्रमाने ओढी. नक्षीचा हिशेब त्या दोऱ्यांतच बांधलेला असे. त्याच घराण्यातले दुसरे कापड म्हणजे मशरू. त्याची दर्शनी बाजू रेशमाची आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. इस्लामी आचारात पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावणे निषिद्ध मानले जाई. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच ‘धर्मास मान्य असलेले’ असा आहे. पुरुषाला रेशमाची झळाळी हवीच होती, म्हणून विणकराने नियम सांभाळून वाट काढली. नक्षी केवळ बायकांसाठी असती, तर ही युक्ती शोधण्याचे कारणच पडले नसते.

ही दोन कापडे ओळखायची खूण सोपी आहे. कापड उलटे करावे. हिमरूच्या मागे रेशमाचे धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मोकळे पसरलेले दिसतात. मशरूची मागची बाजू सपाट व सुती असते. आज हिमरू म्हणून यंत्रमागावरचे कृत्रिम धाग्याचे कापडही विकले जाते. त्याचा एक धागा काढून जाळला, तर तो वितळून कडक मणी होतो. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते.

पैठणीचीही गोष्ट अशीच आहे. आज पैठणी म्हटले की साडीच डोळ्यांपुढे येते. पेशवाईत मात्र पैठणच्या मागांवर पुरुषांचे शेले आणि दुपट्टेही उतरत. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्रांत तांबड्या, हिरव्या, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी रंगांच्या आसावली दुपट्ट्यांची मागणी आढळते. आसावली म्हणजे फुलांची वेल. पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. खांद्यावरून झुलणाऱ्या, वाऱ्याने उलटणाऱ्या शेल्याला असे दुतर्फा देखणे कापडच हवे. त्या काळचा दरबारी पुरुष डोक्यास जरीचे पागोटे, त्यावर तुरा आणि शिरपेच, कानात मोत्यांची भिकबाळी, गळ्यात मोत्यांचे सर आणि पायांत जरीचे चढाव घालून सदरेवर येई. त्याला कोणी बायकी म्हणत नसे.

युरोपातही त्या काळी वेगळे चित्र नव्हते. पुरुषांच्या जोड्याची उंच टाच तर पूर्वेकडूनच तिकडे गेली. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय घट्ट राहावा म्हणून टाचेचे जोडे घालीत. 1599 मध्ये शाह अब्बासचे वकील युरोपास गेले आणि पुढे हे जोडे तिकडच्या सरदारांनी उचलले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तांबड्या टाचेचे जोडे घाली आणि त्याच्या दरबारात तांबडी टाच हा मानाचा विषय होता. पुरुषांच्या गळपट्ट्याला व मनगटांना लेस म्हणजे दोऱ्याची जाळी असे. ती व्हेनिसहून येई आणि तिच्यापायी देशातला पैसा बाहेर जाई. म्हणून लुईचा मंत्री कोलबेर याने 1665 मध्ये राजाश्रयाने देशातच लेसचे कारखाने उभारले. पुरुषांच्या मनगटावरची जाळी ही राज्याच्या तिजोरीची चिंता व्हावी, इतका त्या शोभेचा खर्च मोठा होता.

मग हे सारे उतरले केव्हा? पहिली चाहूल इंग्लंडात लागली. 1666 च्या ऑक्टोबरात राजा दुसरा चार्ल्स याने फ्रेंच थाट सोडून बंडीवजा साधा पोशाख घालण्याचे जाहीर केले. उमरावांना काटकसर शिकवावी, हा हेतूही त्यामागे सांगितला गेला. त्याच बंडीतून पुढे कोट, वेस्टकोट आणि पाटलोणीचा तीन वस्त्रांचा सूट घडला. खरा निर्णायक क्षण 1789 च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये आला. राजाने सभा भरविली, तेव्हा उमराव सोनेरी भरतकाम, लेस आणि पिसांच्या टोप्या घालून आले. सामान्य जनतेच्या प्रतिनिधींना मात्र साध्या काळ्या कपड्यांची सक्ती होती. त्यांना कमी लेखण्यासाठी नेमलेला तो वेश काही महिन्यांत अभिमानाचा वेश झाला, कारण सत्ता काळ्या कपड्यांकडे आली होती. पुढे 1800 च्या सुमारास लंडनमध्ये ब्रमेल नावाच्या गृहस्थाने उत्तम शिवण, स्वच्छ पांढरे कापड आणि गडद कोट हीच पुरुषाची शोभा ठरविली. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्ये या बदलाला पुरुषांचा ‘महान त्याग’ असे नाव दिले.

आपल्याकडे हा बदल दरबाराच्या वाटेने आला. जुन्या राज्यांत वस्त्र हे चलनासारखे चाले. पेशव्यांच्या दरबारी मानकऱ्याला शेला, पागोटे, किनखाब असा शिरपाव मिळे. मोगल व निजाम यांच्या दरबारात त्यालाच खिलत म्हणत. खिलतीत वस्त्रे तीन, पाच की सात, यावरून माणसाची पायरी कळे. अंगावरची नक्षी ही दरबाराने दिलेली पदवीच होती, म्हणून ती मिरवायची होती. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि पुण्याच्या बाजूची ही देवाणघेवाण आटली. कंपनी सरकारात पदवी कागदावर लिहून मिळे आणि मोल पगाराच्या आकड्याने ठरे. कचेरीत बसणाऱ्याला जरीच्या शेल्याचा उपयोग उरला नाही. त्यातच गिरणीचे स्वस्त, एकसारखे कापड आले आणि सभ्य पुरुषाचा पोशाख म्हणजे धोतर, लांब कोट आणि पगडी असे ठरत गेले.

किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात होते. 1956 पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडे आणि त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यात आले. म्हणून येथल्या मोठ्या घरांनी ज्या पोशाखाचा आदर्श मानला, तो हैदराबादचा होता. तेथे हा बदल बाप आणि लेक यांच्यामध्येच पाहता येतो. सहावे निजाम मीर महबूब अली खान 1911 मध्ये वारले. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा घालीत नसत, अशी त्यांची ख्याती होती आणि त्यांच्या वस्त्रांची प्रचंड दुमजली लाकडी कपाटे हैदराबादच्या पुराणी हवेलीत आजही उभी आहेत. त्यांचे पुत्र सातवे निजाम मीर उस्मान अली खान जगातल्या सर्वांत श्रीमंत पुरुषांत गणले जात, पण जुनी, साधी शेरवानी आणि विटकी टोपी हीच त्यांची ओळख झाली. लोकांनी त्यांना कंजूष म्हटले, तरी पोशाखाचे वारे कुठे वळले होते, ते त्या शेरवानीवरून कळते. त्याच काळात, 1920 नंतर, स्वातंत्र्य चळवळीने खादी आणली आणि पांढऱ्या साध्या कपड्याला नैतिक वजन दिले. आजोबांच्या मनातली ‘रीत’ घडली ती या दोन-तीन पिढ्यांत.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा त्याग दरबारी, सरदार आणि धनिक घरांचा होता. शेतात राबणाऱ्या माणसाने किनखाब कधी घातलाच नव्हता. त्याचे धोतर आणि मुंडासे पूर्वीही साधेच होते. म्हणजे पुरुषांचा पोशाख साधा झाला, याचा अर्थ वरच्या थरातले पुरुष दिसायला खालच्या थराच्या जवळ आले, असाही होतो.

व्यापारी घरांसाठी या कथेतला सर्वांत महत्त्वाचा धागा विणकराचा आहे. पुरुष गिऱ्हाईक उठून गेले, तेव्हा माग बंद पडायचे किंवा नवे गिऱ्हाईक शोधायचे, एवढेच दोन मार्ग होते. पैठणने साडीचा पदर धरला आणि पैठणी लग्नातल्या स्त्रीचे वस्त्र म्हणून टिकली. हिमरू अंगरख्याचे आणि शेरवानीचे कापड होते. ते शाली, स्टोल आणि उशांच्या अभ्र्यांकडे वळले, पण लग्नाच्या मुहूर्तासारखी बांधील मागणी त्याला मिळाली नाही. म्हणून आज हातमागावर हिमरू विणणारे मोजकेच उरले आहेत. पुरुषांच्या अंगावरची नक्षी नाहीशी झाली नव्हती. ती बाईच्या पदरावर गेली आणि ज्याला तो पदर मिळाला नाही, तो माग मुका झाला.

पुरुषांकडे ती अगदीच उरली नाही, असेही नाही. मंदिरात पूजेला उभा राहणारा श्रावक रेशमी धोतर आणि काठाचे उपरणे घालतो, तेव्हा त्याला कोणी बायकी म्हणत नाही. लग्नाच्या दिवशी नवरदेव तुरा, मोत्यांची माळ आणि जरीचा पोशाख घालतो, कारण त्या एका दिवसापुरता तो राजा असतो आणि राजाचा जुना वेश त्याला परत मिळतो.

किनवटच्या पेढीवरचा वाद मिटायला म्हणूनच फार वेळ लागत नाही. गुमास्ता गुलाबी शेरवानी बाजूला ठेवून हिमरूचा एक तागा उलगडतो आणि उलटी बाजू आजोबांपुढे धरतो. मोकळे पसरलेले रेशमी धागे बोटांनी चाचपत आजोबा म्हणतात, ‘‘असला अंगरखा आमच्या पणजोबांचा होता म्हणे. जुन्या पेटीत त्याची एक बाही होती.’’ नातू विचारतो, ‘‘मग हे शिवू का, आजोबा?’’ आजोबा तागा हातातून सोडत नाहीत. कापड किती लागेल, एवढेच ते गुमास्त्याला विचारतात.