कमेंट्स गेल्या ते ठीक, पण खैरलांजी कुठे गेली?

माझी भाची भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीत शिकते. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून तिने 'आपल्या जिल्ह्यातली एक घटना' या प्रोजेक्टसाठी यूट्यूबवर खैरलांजी शोधलं. संध्याकाळी तिचा फोन आला. "मामू, खैरलांजीवर तर काहीच नाही. गाव कसं आहे, शेती कशी होते, असले दोन-तीन व्हिडिओ आहेत फक्त." घरी माझ्या बहिणीच्या मोबाईलवर तोच शब्द टाकला, तर बातम्या, चर्चा, मुलाखती, सगळं आलं.

खैरलांजी मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे भोतमांगे या दलित कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलांची हत्या झाली. जिल्ह्याबाहेरच्या लोकांनी भंडाऱ्याचं नाव धानापेक्षा या घटनेमुळे जास्त ऐकलं असेल. आणि त्याच जिल्ह्यातल्या मुलीला शाळेच्या संगणकाने सांगितलं की असं काही नाही.

पुढच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा शाळेच्या सरांची परवानगी घेऊन लॅबमध्ये बसलो. कुठलाही व्हिडिओ उघडला की खाली, जिथे कमेंट्स असतात तिथे, एकच ओळ दिसत होती: `Restricted Mode has hidden comments for this video.` म्हणजे यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड चालू होता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करायचा प्रयत्न केला, पण झाला नाही. याचा अर्थ तो त्या संगणकावर नव्हे, नेटवर्कवर लावलेला होता. खात्री करायला एकच कमांड पुरते:

```
nslookup www.youtube.com
```

उत्तरात नाव आलं `restrict.youtube.com` आणि पत्ता `216.239.38.120`. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून तीच कमांड दिली, तर वेगळे, नेहमीचे पत्ते आले. आपण यूट्यूबचं नाव टाइप करतो, तेव्हा नेटवर्कचा डीएनएस त्या नावाचा पत्ता शोधून देतो. शाळेच्या डीएनएसला सांगून ठेवलेलं होतं की कोणी यूट्यूब मागितलं तर हा खास पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावरून येणारं यूट्यूब आधीच चाळलेलं असतं. ज्यांना कमांड नको त्यांनी `youtube.com/check_content_restrictions` हे पान उघडावं. निर्बंध डीएनएसमुळे आहेत, प्रॉक्सीने जोडलेल्या हेडरमुळे आहेत की शाळेने दिलेल्या खात्यामुळे, ते तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. इंटरनेट बसवायला आलेल्या माणसाने 'मुलांसाठी सेफ' म्हणून डीएनएस टाकला आणि तो गेला. सरांचा दोष मी धरत नाही. पालकांनीच तशी मागणी केली असती, आणि मीही केली असती.

कमेंट्सबद्दल तर मी त्या माणसाचे आभारच मानीन. आपल्यापैकी कोणाला सांगायला नको की एखाद्या व्हिडिओच्या शीर्षकात मुस्लिम नाव असलं, हिजाब घातलेली मुलगी दिसली, की खाली काय काय लिहिलेलं असतं. माझ्या भाचीने अलजिब्रा शिकता शिकता ते वाचावं असं मला वाटत नाही. थोडं नुकसान होतं. गणिताच्या लेक्चरखाली कोणीतरी 'अमुक मिनिटाला उत्तर चुकलंय' असं लिहिलेलं असतं, तेही जातं. ते मी सोसायला तयार आहे.

व्हिडिओंचं तसं नाही. कमेंट्स लपवल्या की यूट्यूब तशी ओळ दाखवतं. लिंक थेट उघडली तर व्हिडिओवरही निरोप येतो की नेटवर्क चालवणाऱ्याने हे अडवलं आहे. पण शोध घेतला की लपवलेले व्हिडिओ यादीतून गुपचूप गायब होतात. 'इतके निकाल लपवले' असं कुठेच येत नाही. मुलगी लिंक घेऊन येत नाही, ती शब्द टाकून शोधते. मग 'अडवलं आहे' आणि 'मुळातच नाही' यातला फरक तिला कळणार कसा?

आणि गायब काय होतं? यूट्यूबच्या नियमांत हिंसा, अश्लीलता, नशा, शिवीगाळ आहेच. पण त्याच यादीत हेही आहे की दहशतवाद, युद्ध, गुन्हे आणि माणसं मेली किंवा गंभीर जखमी झाली असे राजकीय संघर्ष यांचा तपशील सांगणारे व्हिडिओ लपवले जाऊ शकतात, त्यात रक्ताचं एकही दृश्य नसलं तरी. हा नियम मी दोनदा वाचला. फाळणी, १९९२-९३ची मुंबईतली दंगल, खैरलांजी, जमावाने केलेल्या हत्या, हे सगळं या एका वाक्यात बसतं. ज्या समाजांचा अलीकडचा इतिहास मार खाण्याचा आहे, त्यांचा इतिहास यात जास्त जातो. यात कोणाचं कारस्थान आहे असं मी म्हणत नाही. यंत्र शीर्षक, वर्णन अशा खुणा पाहून ठरवतं. आपल्याला मार पडला असं शीर्षक असेल तर मार हा शब्द त्यात येणारच.

हे आधी घडून गेलं आहे. मार्च २०१७मध्ये समलिंगी आणि ट्रान्स यूट्यूबर्सच्या लक्षात आलं की त्यांचे साधे, स्वतःबद्दल बोलणारे व्हिडिओही या मोडमध्ये दिसत नाहीत. आरडाओरडा झाल्यावर यूट्यूबने चूक मान्य केली आणि पुढच्या महिन्यात सुमारे १ कोटी २० लाख व्हिडिओ परत दिसू लागले. तेव्हाच त्यांनी लिहून दिलं की धर्म, वंश, लैंगिकता यांवरून काही गाळलं जाऊ नये, आणि भेदभाव किंवा हिंसा सोसलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली हकीकत, भडक तपशील नसेल तर, दिसली पाहिजे. त्यांचे व्हिडिओ परत आले कारण ते ओरडले. मराठी व्हिडिओंसाठी कोण ओरडणार? यूट्यूब स्वतःच म्हणतं की हा मोड सगळ्या भाषांत चालतो, पण त्याचा दर्जा सारखा नसतो.

बंद करा असं मी सरांना सांगितलं नाही. मोडच्या दोन पायऱ्या असतात. शाळेत कडक पायरी होती. त्याखालची मध्यम पायरी `restrictmoderate.youtube.com` या नावाने मिळते. तिच्यात कमेंट्स लपलेल्याच राहतात, पण व्हिडिओ कमी गाळले जातात. ज्या शाळांकडे गूगलची शाळेसाठीची खाती आहेत, तिथे ठरावीक शिक्षकांना एखादा व्हिडिओ मंजूर करण्याचा अधिकार देता येतो, मग शाळेच्या खात्याने लॉगिन केलेल्या मुलांना तो दिसतो. या शाळेत खाती नाहीत, म्हणून आम्ही पायरी बदलली आणि लॅबच्या भिंतीवर एक कागद लावला: 'इथे यूट्यूब गाळून येतं. शोधून काही सापडलं नाही, तर सरांना विचारा.'

काही पालक म्हणतील की नववीच्या मुलीने खैरलांजी कशाला पाहायची. पण ती पाहणारच आहे, बहिणीच्या मोबाईलवर, एकटीने, खालच्या सगळ्या कमेंट्ससह. शाळेचा फिल्टर शाळेच्या वायफायपुरताच असतो. शेजारी सर बसलेले असतात ती जागा रिकामी दाखवायची आणि कोणी नसतं ती जागा उघडी ठेवायची, हे मला उलटं वाटतं.

मध्यम पायरी लावल्यावर भाचीने पुन्हा शोधलं. यादी मोबाईलवरच्यापेक्षा आखूडच होती, पण त्यात एक मुलाखत होती. ती तिने सरांबरोबर बसून पाहिली. प्रोजेक्टमध्ये तिने एक पान जास्तीचं जोडलं आहे, शाळेत काय दिसलं आणि घरी काय दिसलं, दोन्ही याद्या शेजारी शेजारी.