खोक्यांची ऑर्डर

फराळाच्या धंद्यात चिवडा सहसा अडत नाही, खोकी अडतात. माझ्या वहिनीचं फराळाचं काम लालबागला चालतं आणि त्यातलं लिहिण्याचं खातं माझ्याकडे असतं. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशी गिऱ्हाइकं सप्टेंबरपासूनच फराळ मागू लागतात, म्हणून दिवाळीची खोकी गणपतीआधीच सांगावी लागतात. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले. त्याच्या आठवडाभर आधी वसईच्या खोकेवाल्याशी फोनवर भाव ठरला. "ताई, तुमचं काम धरलं समजा," असं तो म्हणाला, आणि मी त्याच संध्याकाळी ऑर्डर पक्की केल्याचं पत्र धाडलं.

नुसतं "अर्धा किलोचं खोकं" म्हटलं की घोळ ठरलेला. अर्धा किलो शंकरपाळे जिथे मावतात तिथे अर्धा किलो चिवडा मावत नाही. म्हणून आमच्या यादीत चिवड्याच्या खोक्याला FB-500 आणि एक किलोच्या मिश्र फराळाच्या खोक्याला FB-1000 असा कोड आहे. खोकेवाल्याचे कोड वेगळे, कारण तो आपल्या डायला नंबर देतो. पत्रात दोन्ही कोड शेजारीशेजारी आणि पुढे खोक्याचं आतलं माप लिहिलं. बाहेरचं माप लिहिलं तर पुठ्ठ्याची जाडी आपल्या चिवड्याच्या जागेतून जाते.

भाव १४ आणि २१ रुपये. अर्ध्या किलोची २,००० खोकी १० सप्टेंबरला आणि एक किलोची ८०० खोकी २५ सप्टेंबरला पोचवायची. भावापुढे मी "पोच आणि हमाली धरून, जीएसटी वेगळा, बिलाच्या दिवशी जो दर असेल त्याने" असं लिहिलं. खोकेवाला म्हणाला, "एवढं कशाला? कर धरून सरळ गोल आकडा टाका." टाकला नाही, ते बरं झालं. २२ सप्टेंबरपासून खोक्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. पहिल्या खेपेच्या २८,००० रुपयांवर ३,३६० रुपये कर लागला. दुसऱ्या खेपेच्या १६,८०० वर २,०१६ ऐवजी ८४०. वहिनी कंपोझिशनमध्ये आहे, तिला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे वाचलेले १,१७६ रुपये तिचेच. गोल आकडा असता तर ते कोणाचे यावर दिवाळीपर्यंत वाद चालला असता.

पत्ता हा मला सगळ्यात नाजूक भाग वाटतो. धंद्याची नोंदणी गिरगावच्या घरच्या पत्त्यावर आहे, माल मात्र लालबागच्या गाळ्यावर हवा. त्यामुळे बिलाचा पत्ता आणि पोचवण्याचा पत्ता असे दोन स्वतंत्र रकाने केले, नाहीतर टेम्पो सरळ चाळीच्या तोंडाशी उभा राहायचा. लालबागच्या पत्त्यात मजला, मालाची लिफ्ट आहे की नाही आणि माल गाळ्याच्या दारात उतरवायचा हेही लिहिलं. "पोच" म्हणजे फाटकापर्यंत, असं टेम्पोवाल्याचं ठाम मत असतं. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागमध्ये टेम्पो आणण्याचा विचारसुद्धा कोणी करू नये. म्हणून पहिली तारीख अनंत चतुर्दशीनंतरची धरली होती. दुसऱ्या खेपेआधी, १२ सप्टेंबरला, एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला आणि प्रभादेवीकडून परळला येणारी सगळी गर्दी टिळक पूल आणि करी रोडच्या पुलावर गेली. तेव्हा फोन करून टेम्पो सकाळी लवकर आणायला सांगितलं.

दुसरी खेप तीन दिवस उशिरा आली. इथे पुष्कळ जण गप्प राहून माल घेतात आणि महिन्याने पैसे कापू बघतात. करार कायद्याचं ५५ वं कलम त्याच्या आड येतं. मुदत महत्त्वाची असलेल्या कामात उशिरा आलेला माल स्वीकारलात, तर उशिराची भरपाई मागणार असल्याचं स्वीकारतानाच सांगावं लागतं. आम्ही चलनावर सहीच्या वर तसं लिहिलं. वहिनीने पुढे काही कापलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पैशांची घडी अशी होती: ऑर्डरबरोबर १०,००० रुपये, ते पहिल्या बिलातून वजा, प्रत्येक खेपेचे बाकीचे पैसे माल स्वीकारल्यापासून ३० दिवसांत. "बिलापासून" की "मालापासून" हे ठरवून घ्यावं, कारण बिल कधीकधी मालाच्या आधीच येऊन बसतं. खोकेवाला स्वतः खोकी बनवतो आणि त्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योगाची आहे. अशा पुरवठादाराला लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि ठरवून घेतली तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. पुढे गेलात तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

पत्राला त्याचं पहिलं उत्तर आलं होतं: "मान्य, फक्त बाकीचे पैसे १५ दिवसांत." कायद्याने हा होकार नव्हे, नवा प्रस्ताव आहे. वहिनीने फोन करून ३० दिवसांवरच समजूत घातली, आणि "सर्व अटी मान्य" असं त्याच्याकडून लिहून आल्यावरच १०,००० पाठवले.