संस्कृत-परिचय : भूत, भविष्य आणि फसवा ‘ष्य’

आमच्या घरच्या एका मुलास आम्हीं अभ्यासापुरता रचलेला हा श्लोक अर्थ सांगण्यास दिला :

न्यवसत् स वने बालः प्रत्यगच्छद् गृहं ततः ।
तुष्यत्यम्बा सुतं दृष्ट्वा दास्यत्यस्मै फलं शुभम् ॥

त्यानें उत्तरार्धाचा अर्थ सांगितला, “मुलाला पाहून आई संतुष्ट होईल व त्याला चांगलें फळ देईल.” आम्हीं ‘चूक’ म्हणतांच तो उत्तरला, “आजोबा, गमिष्यति म्हणजे जाईल, मग तुष्यति म्हणजे संतुष्ट होईल कां नव्हे? ‘ष्य’ दोहोंतही आहे.” प्रश्न रास्त होता, आणि नुसतें ‘चूक’ म्हणणें हें त्याचें उत्तर नव्हतें.

ह्यास उपाय एकच : ‘ष्’ कोठून आला तें पाहावें. ‘गमिष्यति’ ह्यांतून ‘ति’ व ‘ष्य’ काढले असतां ‘गमि’ उरतें. धातु गम्, मध्यें इकार, व पुढें भविष्याचा ‘स्य’. इकारामुळें त्यांतील सकाराचा षकार झाला. ‘दास्यति’ ह्यांत इकार नाहीं, म्हणून ‘स्य’ जसाच्या तसा राहिला व मागें ‘दा’ उरला. परंतु ‘तुष्यति’ ह्यांतून ‘ष्य’ काढला तर ‘तु’ उरतो, आणि संतोषाचा धातु तर ‘तुष्’. षकार धातूचाच आहे. वर आलेला केवळ चौथ्या गणाचा ‘य’. म्हणून हें रूप वर्तमानकाळाचें : आई संतुष्ट होते. तिचा भविष्यकाळ ‘तोक्ष्यति’ असा होतो.

पूर्वार्धांत अडचण निराळी आहे. भूतकाळाची खूण जो आरंभींचा ‘अ’, तो येथें आरंभीं दिसतच नाहीं. कारण हा ‘अ’ धातूला लागतो, उपसर्गाला नव्हे. नि + अवसत् ह्यांचा संधि होऊन ‘न्यवसत्’ झालें. प्रति + अगच्छत् ह्यांचें ‘प्रत्यगच्छत्’, व पुढें गकार आल्यानें शेवटच्या तकाराचा दकार झाला. म्हणून उपसर्ग आधीं सोडवावा, मग ‘अ’ आपोआप सांपडतो. ह्या भूतकाळांत गम् धातूचें वर्तमानांतील ‘गच्छ’ हें अंग कायम राहतें, भविष्यांत मात्र मूळ ‘गम्’ परत येतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

केवळ आरंभींच्या ‘अ’ वरही विसंबूं नये. ‘अर्चति’ ह्यांतील ‘अ’ धातूचाच आहे; शेवटचा ‘ति’ तें रूप वर्तमानाचें असल्याचें सांगतो. त्याचा भूतकाळ ‘आर्चत्’.

मुलानें हें ऐकून ‘शुष्यति’ आपण होऊन सोडविलें : धातु शुष्, वर ‘य’, अर्थ ‘सुकतो’. आतां वाचकांच्या घरच्या मुलांनीं ‘बालः गृहम् आगच्छत्’ ह्यांतील भूतकाळाचा ‘अ’ कोठें लपला आहे तें शोधावें, आणि अन्त्य तकाराचा पाय मोडला नाहीं तर अर्थ काय होईल तेंही सांगावें. उत्तर पुढील अंकीं देऊं.