व्यवस्थापकास समभाग देताना

पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली की जुन्या विश्वासू व्यवस्थापकास ‘ईसॉप’ द्यावे, असा विचार अनेक घरांत होतो. त्याच योजनेत मुलालाही बसवण्याचा मोह मात्र आवरावा. मान्यताप्राप्त स्टार्टअपची सवलत सोडल्यास प्रवर्तक व त्यांच्या गटातील व्यक्तींना ही योजना खुली नाही.

संचालक मंडळाचा ठराव पुरेसा नसतो. भागधारकांची मंजुरी हवी. वार्षिक विवरणपत्रे नियमित भरणाऱ्या खासगी कंपनीस साधा ठराव चालतो, पब्लिक कंपनीस विशेष ठराव लागतो. हक्क दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत, म्हणजे व्हेस्टिंगपर्यंत, किमान 1 वर्ष जावे लागते. त्यापूर्वी नोकरी सोडली तर हक्क रद्द होतो. सेवेत असताना मृत्यू झाल्यास मात्र सर्व हक्क त्याच दिवशी वारसांकडे जातात.

खरी अडचण पुढे येते. समजा, 1,000 समभाग प्रत्येकी 100 रुपयांस घेण्याचा हक्क दिला. चार वर्षांनी तो वापरताना मर्चंट बँकरने मूल्य 400 रुपये ठरवले. व्यवस्थापक 1 लाख रुपये भरतो. उरलेले 3 लाख त्याच्या पगारात धरले जातात. 30 टक्के दराने 90,000 रुपये कर व वर उपकर कंपनीस कापावाच लागतो. समभाग तर बाजारात विकता येत नाहीत! म्हणून ते परत कोण, केव्हा व कोणत्या भावाने घेणार, हे योजनेतच लिहावे.