कॅन्टीनच्या वरणात डाळ किती?

आमच्या कचेरीच्या कॅन्टीनच्या व्यवस्थापकांना गेल्या आठवड्यात मी एक पत्र दिले. ज्यांचे दुपारचे जेवण घराबाहेर होते अशा वाचकांनाही ते उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

महोदय, स. न. वि. वि.

तक्रार चवीची नाही, वरणातल्या डाळीची आहे. आपल्याकडे रोज चाळीस पाने होतात आणि त्यासाठी अर्धा किलो तूरडाळ शिजते, असे आचाऱ्यांनी सांगितले. म्हणजे माणशी साडेबारा ग्रॅम डाळ. तीतून प्रथिने जेमतेम तीन ग्रॅम. दोन पोळ्या, थोडा भात आणि बटाट्याची भाजी धरून सबंध ताटाची बेरीज चौदा ग्रॅमच्या आसपास जाते. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलासाठी माणशी ३० ग्रॅम डाळ आणि २० ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. आपले ताट त्या मुलाच्या ताटापेक्षाही हलके आहे.

माझ्या सूचना दोनच.

पहिली, डाळ अर्ध्या किलोऐवजी सव्वा किलोला थोडी कमी, म्हणजे बाराशे ग्रॅम घालावी. किलोचा भाव शंभर रुपये धरला तरी जादा खर्च माणशी पावणेदोन रुपये येतो. भाव वाढला तर त्या प्रमाणात हिशेब करावा. ताटाचा दर दोन रुपयांनी वाढविला तरी आमची तक्रार नाही.

दुसरी, आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ द्यावी. माणशी तीस ग्रॅम कोरडे कडधान्य पुरते. त्या दिवशी ताटातली प्रथिने तेवीस-चोवीस ग्रॅमवर जातात. मटकी रात्री भिजवावी आणि सकाळी पाणी काढून फडक्यात बांधावी. उन्हाळ्यात आंबूस वास आला किंवा बुळबुळीत लागली, तर ती टाकून द्यावी. मोड कच्चे वाढू नयेत, शिजवूनच वाढावेत.

कोणी म्हणेल, आपल्या भागात सोयाबीन पिकते, त्यात प्रथिने डाळीच्या दीडपट आहेत, मग तेच का नको? चालेल, पण कच्च्या सोयाबीनमधील एक द्रव्य प्रथिने पचू देत नाही. म्हणून ते भिजवून पुरते मऊ शिजवावे लागते. कच्चे दळून पोळीच्या पिठात मिसळले, तर तव्यावरची थोडी आच त्याला पुरत नाही आणि पोट फुगते.

डाळीबरोबर पोळी-भात हवाच, कारण धान्यात जे कमी असते ते डाळ भरून काढते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत.

आपण एक महिना करून पाहावे. परीक्षा सोपी आहे: वरणाचे पातेले पाहू नका, कोठीतली डाळ तागडीत तोला.

आपला,
रोज जेवणारा एक कर्मचारी