व्याख्यानातून गप्पांकडे : एका वाक्याचे रूपांतर

पोषणशास्त्रावरील व्याख्यान आकाशवाणीसाठी लिहून देताना ‘केले’चे ‘केलं’ करावे आणि अधूनमधून ‘बरं का’ पेरावे, म्हणजे गप्पांचा बाज साधतो, असा समज आढळतो. हा समज बोलीच्या केवळ उच्चाराकडे पाहतो. तिच्या रचनेकडे त्याचे लक्ष नसते. रूपांतराचा खरा प्रश्न शब्दांच्या सोपेपणाचा नसून माहितीच्या क्रमाचा आहे, असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल व्याख्यानात शोभेल असे एक वाक्य घेऊ : ‘वनस्पतिजन्य आहारातील लोहाचे शोषण क-जीवनसत्त्वाच्या सान्निध्यात वाढते, तर जेवणासोबत घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे ते घटते.’ वाचकास हे वाक्य अवघड नाही; एखादा शब्द निसटला तर तो मागे वळून पाहू शकतो. श्रोत्याला ही सोय नाही. शिवाय येथे संकल्पना आधी येतात आणि पदार्थ मागाहून. श्रोत्याच्या ताटात मात्र भाजीभाकरीच असते.

म्हणून क्रम उलटावा लागतो : ‘आज मेथीची भाजी केलीय ना? मग ताटात लिंबाची फोड असू द्या. मेथीत लोह असतं, पण ते सगळंच काही अंगी लागत नाही. लिंबू पिळलं, की त्यातलं थोडं जास्त अंगी लागतं. पिळायचं ते मात्र भाजी चुलीवरून उतरल्यावर. उकळत राहिलं, तर लिंबाचा हा गुण कमी होतो. आणि जेवणावर लगेच चहा नको. तो या लोहाला आडवा येतो. तासाभरानं घ्या.’

येथे ‘शोषण’ हे नाम जाऊन ‘अंगी लागणे’ हे क्रियापद आले. मराठी घरात अन्नाविषयी बोलताना हा वाक्प्रचार पूर्वापार वापरला जातो. पारिभाषिक संज्ञेला पर्याय शोधण्यासाठी कोशाकडे जावे लागले नाही. मात्र त्याचा रूढ अर्थ ‘प्रकृती सुधारणे’ असा व्यापक असल्याने, काय अंगी लागते, हे ‘लोह’ या शब्दाने बांधून ठेवणे आवश्यक ठरते.

धोका याच ठिकाणी आहे. गप्पा रंगल्या, की ‘थोडं जास्त’ हे दोन शब्द गळतात आणि ‘लिंबानं रक्त वाढतं’ असे सुटसुटीत, पण चुकीचे विधान उरते. वस्तुतः शास्त्राची मर्यादा त्या दोन शब्दांतच सामावलेली असते. ती सुटली, तर रक्तक्षय झालेली एखादी गर्भवती लोहाच्या गोळ्या सोडून लिंबावर विसंबेल. यास्तव ‘डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर त्या चालूच ठेवा’ हे वाक्य गप्पांत आलेच पाहिजे, मग मूळ व्याख्यानात ते नसले तरी चालेल.

संहितेची परीक्षा सोपी आहे. मूळ व्याख्यान न ऐकलेल्या व्यक्तीस ती एकदाच वाचून दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी ‘काय करणार?’ एवढेच विचारावे. उत्तरात मेथी, लिंबू आणि उशिराचा चहा आला, तर रूपांतर साधले. ‘लिंबू घेतलं, की झालं’ असे उत्तर आले, तर भाषा कितीही मोकळी असो, संहिता पुन्हा लिहावयास हवी.