पहिली शाळा आणि एक पत्र

थोरांच्या जयंती-पुण्यतिथीला वृत्तपत्रांतून जे परिचयलेख प्रसिद्ध होतात, ते बहुधा मागील वर्षीच्या लेखांवरून बेतलेले असतात. त्यामुळे एकदा शिरलेली चूक वारसाहक्काने पुढील पिढीकडे जाते. महात्मा जोतीराव फुले यांच्यावरील लेखांत असे एक वाक्य हमखास भेटते. १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात त्यांनी भारतातील मुलींची पहिली शाळा काढली, हे ते वाक्य. शिक्षक ते वर्गात सांगतात, विद्यार्थी वक्तृत्व स्पर्धेत म्हणतात, खात्याच्या परीक्षेला बसणारा कारकून ते पाठ करतो. त्यातील पुणे खरे, भिडे वाडा खरा, १८४८ हे सालही सर्वसाधारणपणे मान्य. परंतु ‘भारतातील पहिली’ हे दोन शब्द खरे नाहीत. ते दुरुस्त करणारे पत्र संपादकांस धाडण्याचा अधिकार कोणा एका गावाला द्यावयाचा झाल्यास तो अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, द्यावा लागेल.

याचे कारण जोतीरावांच्याच चरित्रात आहे. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला असत. त्यांच्यासमवेत जोतीरावांनी तेथील अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहिली. ती चालविणाऱ्या सिंथिया फरारबाई १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. मुंबईत तर अमेरिकन मिशनने १८२४ सालीच मुलींसाठी शाळा उघडली होती. नगरच्या शाळेतील मुली वाचताना-लिहिताना पाहून आपणही पुण्यात असे काही करावे, ही जोतीरावांची इच्छा बळावली, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे जिला आपण ‘भारतातील पहिली’ म्हणतो, तिची प्रेरणाच तिच्याआधीच्या एका शाळेत होती. दोन शब्दांच्या या चुकीने नगरची ती शाळा आणि जोतीरावांचा तो प्रवास दोन्ही पुसले जातात.

समजा, जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने हे संपादकांच्या निदर्शनास आणून द्यावयाचे ठरविले. येथे बहुतेक पत्रलेखक पहिल्याच ओळीला घसरतात. लेखकाचा अभ्यास नाही, वृत्तपत्राची जबाबदारी काय, इतिहासाचे विकृतीकरण थांबलेच पाहिजे, अशी सुरुवात झाली की पत्र दुरुस्तीचे न राहता भांडणाचे होते आणि चूक मात्र तिसऱ्या परिच्छेदात दडून बसते. उपयोगी पडणारे पत्र साधे असते. अंकाची तारीख, पानाचा क्रमांक, लेखाचे शीर्षक, चुकीचे वाक्य जसेच्या तसे, त्याखाली योग्य वाक्य आणि आधार, एवढे आले की पुरे. लेखातील बाकीच्या मजकुराशी आपली सहमती असल्यास तसे एका वाक्यात म्हणावे. ते केवळ शिष्टाचारासाठी नव्हे. नेमक्या कोणत्या शब्दांबद्दल तक्रार आहे हे त्यामुळे स्पष्ट होते, आणि कामाच्या गर्दीतल्या उपसंपादकाला तेवढेच हवे असते.

आधार मात्र काळजीने निवडावा लागतो. या बाबतीतील सर्वांत बळकट साक्षीदार खुद्द जोतीराव आहेत. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा आधीच होती, पण देशी शाळा नव्हती, म्हणून आपण ती काढली आणि तेथे आपण व आपल्या पत्नीने बरीच वर्षे काम केले, असा स्वच्छ निर्वाळा आहे. ‘पहिली’चा दावा जोतीरावांनी केलेला नाही. त्यांनी ‘देशी’ या शब्दावर भर दिला आहे. नंतरच्या भक्तांनी ‘देशी’ गाळले आणि ‘भारतातील’ घातले.

परंतु याच निवेदनात एक गंमत आहे, आणि उतावळ्या पत्रलेखकाची फजिती तेथे होते. शाळा काढल्याचे साल जोतीरावांनी तेथे सुमारे १८५४ असे दिले आहे. निवेदन हाती लागले म्हणून कोणी उत्साहाने १८४८ हे सालही ‘दुरुस्त’ करू लागला, तर नवीन चूक होईल. कारण १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा या शैक्षणिक कार्यासाठी सत्कार केला होता. जी शाळा १८५४ साली निघाली तिचा गौरव १८५२ साली होऊ शकत नाही. जवळजवळ तीस वर्षांनंतर सांगितलेले साल सरकले असणार, यात नवल नाही. एखादा माणूस आपल्या कार्याच्या स्वरूपाविषयी उत्तम साक्षीदार असतो आणि त्याच कार्याच्या तारखेविषयी बेभरवशाचा असतो. १८४८ मधील नेमकी तारीखही वादातीत नाही. १ जानेवारी ही लोकप्रिय आहे, तर धनंजय कीर ऑगस्ट महिना देतात. एका पत्रात एकच दुरुस्ती करावी या नियमाचे मर्म येथे कळते. ज्याची खात्री आहे तेवढेच लिहावे, तारखेचा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

मग योग्य वाक्य कोणते? ‘भारतीयाने काढलेली पहिली’ असे म्हणून सुटका होत नाही. बंगालमध्ये बारासत येथे स्थानिक मंडळींनी १८४७ सालीच मुलींची शाळा काढली होती. तेव्हा पत्र काहीसे असे होईल :

“आपल्या अमुक तारखेच्या अंकातील महात्मा फुले यांच्यावरील लेख आवडला. त्यात भिडे वाड्यातील शाळेस भारतातील मुलींची पहिली शाळा म्हटले आहे. मिशनऱ्यांच्या अशा शाळा मुंबईत १८२४ पासून होत्या. नगरची शाळा स्वतः जोतीरावांनी पाहिली होती. हंटर आयोगापुढील निवेदनानुसार ती ‘पुण्यात एतद्देशीयांनी काढलेली मुलींची पहिली शाळा’ म्हणणे योग्य होईल. कृपया ही दुरुस्ती प्रसिद्ध करावी.”

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. यामुळे जोतीरावांचे मोठेपण कमी होते आणि श्रेय मिशनऱ्यांकडे जाते, असे काहींना वाटेल. वस्तुतः उलट आहे. मिशनच्या शाळेमागे परदेशातील संस्था आणि तिचा निधी होता. एकवीस वर्षांचा एक तरुण स्वतःच्या शहरात, घरच्यांचा व समाजाचा रोष पत्करून आणि स्वतःच्या पत्नीला शिक्षिका करून शाळा काढतो, हे नगरपेक्षा वेगळे घडले. ‘पहिली’ या शब्दाने तो फरक दिसत नाही, ‘देशी’ने दिसतो. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे अनेक चरित्रकार नोंदवितात. त्या धड्यांचे स्मरण ठेवल्याने त्यांच्या शेणमातीच्या माऱ्यातील धैर्याला कसला उणेपणा येणार?

राहिला प्रश्न संपादकांचा. दुरुस्तीचे पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात, राजकीय वादांच्या शेजारी छापले की ते मत म्हणून वाचले जाते. मूळ लेखाच्याच पानावर ‘दुरुस्ती’ या मथळ्याखाली तीन-चार ओळी दिल्या तर त्या कात्रण ठेवणाऱ्या शिक्षकाच्या हाती लागतात. आता लेख संकेतस्थळावर वर्षानुवर्षे राहतात आणि पुढील जयंतीला तेथूनच उचलले जातात. म्हणून मूळ वाक्य तेथे बदलून, ते कधी व का बदलले याची तारखेसह एक ओळ लेखाखाली जोडली पाहिजे. नाहीतर पत्र छापूनही पुढील ११ एप्रिलला तेच वाक्य पुन्हा छापले जाते, आणि नगरच्या त्या शिक्षकाला त्याच पत्राची दुसरी प्रत टपालात टाकावी लागते.